बीटी कापसाचे जनुक, शेंदरी बोंडअळी आणि जैवसुरक्षेचा वाद

«सर, मी यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यातून कृषी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला शिकतो. जनुकीय परिवर्तित पिकांवर समतोल निबंध लिहायचा आहे. बाहेरचे जनुक पिकात नेमके कसे घालतात आणि जैवसुरक्षेचा वाद खरा कशावर आहे, हे कळत नाही. माझे वडील म्हणतात की बीटीने आधी तारले आणि मग बुडवले. याचा अर्थ काय लावू?»

तुमच्या वडिलांचे वाक्यच निबंधाचा कणा म्हणून घ्या, कारण त्या वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी दडलेल्या आहेत आणि त्या वेगळ्या करता आल्या की वादाचा बराचसा गुंता सुटतो. मी कापसाच्या ऊतीसंवर्धनात अनेक वर्षे काम केले आणि नंतरचा बराच काळ विदर्भातील कोरडवाहू शेतांमध्ये बोंडे चिरून अळ्या मोजण्यात घालवला. त्या अनुभवावरून सांगतो, की ‘जनुकीय परिवर्तित पिके सुरक्षित आहेत का’ या प्रश्नाला एकच उत्तर नसते. कोणते जनुक, कोणत्या पिकात, कोणत्या प्रकारच्या बियाण्यातून आणि कसल्या शेतात गेले, हे विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही. म्हणून मी एकाच जनुकाची गोष्ट सांगतो. ते आहे आपल्या पऱ्हाटीतील ‘क्राय-१ एसी’.

‘बॅसिलस थुरिंजिएन्सिस’ हा मातीत राहणारा जिवाणू आहे आणि बीटी हे त्याचेच आद्याक्षरी नाव. बीजाणू तयार करताना तो एका प्रथिनाचे स्फटिक बनवतो. बोंडअळीने ते खाल्ले की तिच्या आतड्यातील अल्कधर्मी रसात ते विरघळते, तेथील पाचकरस त्याचा काही भाग तोडतात आणि उरलेला क्रियाशील भाग आतड्याच्या पेशींवरील विशिष्ट ग्राहक-रेणूंना चिकटतो. पेशींना छिद्रे पडतात, अळी खाणे थांबवते आणि काही दिवसांत मरते. माणसाच्या जठरातील रस आम्लधर्मी असतो आणि आपल्या आतड्यात हे ग्राहक आढळत नाहीत, त्यामुळे तेच प्रथिन आपल्या शरीरात इतर प्रथिनांसारखे पचून जाते. कुलपाला किल्ली लागावी तसा हा प्रकार आहे, आणि पुढे जे बिघडले तेही याच कुलपात बिघडले, म्हणून ही यंत्रणा नीट लक्षात ठेवा.

हे जनुक जसेच्या तसे वनस्पतीत टाकले तर जवळजवळ काहीच घडत नाही. जिवाणूची लिहिण्याची ढब वेगळी असते. म्हणून प्रथिन बहुतांशी तेच ठेवून जनुकाची अक्षरे वनस्पतीला मानवतील अशी पुन्हा लिहावी लागली. मग त्याच्या पुढे एक प्रवर्तक जोडला. हा फुलकोबीच्या एका विषाणूतून घेतलेला डीएनएचा तुकडा असून तो जनुकाला जवळजवळ सर्व अवयवांमध्ये चालू ठेवतो. शेवटी थांबण्याची खूण जोडली. त्याच बांधणीत कॅनामायसिन या प्रतिजैविकाला दाद न देणारे एक निवडजनुकही ठेवले होते. त्याचे काम पुढे येईल.

ही बांधणी पेशीत नेण्यासाठी निसर्गातीलच एक वाहक वापरला. ‘अ‍ॅग्रोबॅक्टेरियम’ हा जिवाणू झाडाच्या जखमेतून शिरतो आणि आपल्या प्लाझ्मिडमधील एक तुकडा झाडाच्या गुणसूत्रात घुसवतो, त्यामुळे झाडावर गाठी येतात. शास्त्रज्ञांनी गाठ आणणारी जनुके काढून टाकली, तुकड्याच्या दोन्ही कडांच्या खुणा तशाच ठेवल्या आणि मधल्या जागेत आपली बांधणी बसवली. कापसाच्या कोवळ्या रोपाचे बीजदलाखालचे खोड घेऊन त्याचे काही मिलिमीटरचे तुकडे करतात आणि ते या जिवाणूच्या द्रावात बुडवून साधारण दोन दिवस एकत्र वाढू देतात. मग प्रतिजैविक देऊन जिवाणू मारतात आणि तुकडे कॅनामायसिन असलेल्या माध्यमावर ठेवतात. ज्या पेशींत बांधणी शिरली त्याच तगतात, बाकीच्या तपकिरी होऊन मरतात. तगलेल्या पेशींचा गोळा बनतो, त्या गोळ्यातून भ्रूण आणि भ्रूणातून रोप उभे राहते. या साऱ्याला अनेक महिने लागतात, आणि बहुसंख्य तुकडे वाया जातात.

येथे पुस्तकांत क्वचितच ठळक केलेली एक अडचण आहे. कापसाचे बहुतेक वाण पेशीच्या गोळ्यापासून पुन्हा रोप बनवतच नाहीत. आमच्या प्रयोगशाळेत भारतीय वाणांचे गोळे महिनोन्महिने हिरवे राहत आणि भ्रूण मात्र धरत नसत. ‘कोकर ३१२’ हा जुना अमेरिकन वाण त्याला अपवाद आहे, आणि म्हणूनच आपल्याकडे आलेले ‘मॉन ५३१’ हे मूळ रूपांतरण त्याच वाणात झाले होते. रूपांतरण म्हणजे एका पेशीत, गुणसूत्राच्या एका विशिष्ट जागी, बांधणी एकदा बसण्याची घटना. ती जागा आपण ठरवू शकत नाही. त्यामुळे शेकडो रोपे तपासून कोणत्या रोपात बांधणी नीट बसली आहे, प्रथिन पुरेसे तयार होते का आणि झाडाचे स्वतःचे जनुक तुटले नाही ना, हे पाहून एकच घटना निवडतात. कायद्याने मंजुरीही या घटनेलाच मिळते, ‘बीटी’ या शब्दाला मिळत नाही.

कोकर वाण आपल्या हवामानाचा नाही. म्हणून त्याचा संकर भारतीय पालक वाणाशी केला आणि प्रत्येक पिढीत बीटी रोपे निवडून ती पुन्हा त्याच भारतीय वाणाशी जोडली. पहिल्या संकरात भारतीय वाणाचा वाटा ५० टक्के असतो, एका प्रतिसंकरानंतर ७५, मग ८७.५, मग ९३.७५, आणि सहाव्या प्रतिसंकरानंतर सरासरी ९९ टक्क्यांच्या वर जातो. या पालकाचा दुसऱ्या, बहुधा बीटी नसलेल्या पालकाशी संकर करून जे बियाणे बनले, ते आपल्या पाकिटात आले. २६ मार्च २००२ रोजी केंद्राच्या जनुकीय अभियांत्रिकी समितीने अशा तीन संकरित वाणांना मंजुरी दिली. २००६ मध्ये ‘क्राय-२ एबी’ हे दुसरे जनुकही असलेले बियाणे आले. त्यातील दुसरी बांधणी मात्र जिवाणूमार्फत न नेता धातूच्या सूक्ष्म कणांवर लेपून पेशींवर डागलेली होती. निबंधात दोन पद्धती लिहायच्या असतील तर हे एकाच पिकातील आयते उदाहरण आहे.

आता जैवसुरक्षेकडे येऊ. भारतात १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखालील १९८९ चे नियम याला लागू होतात. संस्थेच्या पातळीवरील समिती, जैवतंत्रज्ञान विभागाची पुनरीक्षण समिती आणि पर्यावरण मंत्रालयाची मूल्यमापन समिती अशा पायऱ्यांतून प्रस्ताव जातो. प्रथिनाची विषाक्तता, अ‍ॅलर्जीची शक्यता, जनावरांना सरकी खाऊ घालून केलेल्या चाचण्या, मधमाश्यांसारख्या इतर कीटकांवरील परिणाम आणि परागातून जनुक पसरण्याची शक्यता तपासली जाते. कापसाच्या बाबतीत शेवटचा मुद्दा बराच सोपा आहे. अमेरिकन कापसात ५२ गुणसूत्रे आहेत आणि आपल्या गावरानी देशी कापसात २६, त्यामुळे शेजारी लावले तरी त्यांचा सुफलित संकर निसर्गात सहज होत नाही. शेजारच्या शेतातील बीटी नसलेल्या अमेरिकन कापसात मात्र जनुक परागातून जाऊ शकते, आणि जिनिंगमध्ये सरकी मिसळली तर ते त्याहून सहज जाते. सेंद्रिय कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याची ही तक्रार खरी आहे, तिला ‘भीती’ म्हणून बाजूला सारू नका.

‘तारले’ या शब्दाला आधार आहे. २००२ च्या आधी हिरवी अमेरिकन बोंडअळी कृत्रिम पायरेथ्रॉइडसारख्या कीटकनाशकांना दाद देत नव्हती आणि शेतकरी फवारणीवर फवारणी करत होता. बीटीने ही अळी आवरली, आणि बोंडअळीसाठीच्या फवारण्या स्पष्टपणे घटल्या. देशाची रुईची सरासरी उत्पादकता २००२ च्या सुमारास हेक्टरी ३०० किलोच्या आसपास होती, ती २००७-०८ मध्ये ५५० किलोच्या आसपास पोहोचली. परंतु येथे घाई करू नका. २००४-०५ मध्येच ती ४५० किलोच्या पुढे गेली होती, आणि तेव्हा अधिकृत बीटीखालचे क्षेत्र दहा टक्क्यांच्याही आत होते. गुजरातमध्ये अनधिकृत बीटी आधीच पसरले होते हे खरे, पण त्याच काळात नवी कीटकनाशके, जास्त खत आणि काही राज्यांत जास्त ओलितही आले. वाढीचा किती वाटा जनुकाचा, यावर अभ्यासकांत प्रामाणिक मतभेद आहेत. सगळी वाढ बीटीच्या नावावर लिहिणारा आणि काहीच न लिहिणारा, दोघेही आकडे अर्धेच वाचत आहेत.

‘बुडवले’ याचे मूळ शेंदरी बोंडअळीत आहे. ही अळी लहान असतानाच बोंडात शिरते आणि आतील सरकी खाते. बाहेरून छिद्रही दिसत नाही, म्हणून फवारणी तिच्यापर्यंत पोहोचत नाही. बीटीचा जोर तिच्यावर सुरुवातीला चालला. त्याला ती निर्ढावू नये यासाठी शास्त्रात एक योजना होती, ती आकड्यांत समजून घ्या. समजा, मघाचे कुलूप बिघडवणाऱ्या, म्हणजे प्रतिकारक, जनुकाचे प्रमाण हजारात एक आहे आणि प्रतिकार दिसण्यासाठी ते आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून यावे लागते. मग दहा लाख अळ्यांत पूर्ण प्रतिकारक अळी एखादीच निघेल, पण एकच प्रत असलेल्या सुमारे दोन हजार असतील. पीक भरपूर विष बनवत असेल तर त्या दोन हजार मरतात. वाचलेल्या एखाद्या पतंगाला बाजूच्या बीटी नसलेल्या ओळींतून, म्हणजे ‘आश्रया’तून, आलेले शेकडो साधे पतंग जोडीदार म्हणून मिळतात, त्यांच्या पिल्लांत पुन्हा एकच प्रत येते आणि ती पिल्लेही मरतात. म्हणून ४५० ग्रॅमच्या बीटी पाकिटाबरोबर १२० ग्रॅम नॉन-बीटीची पुडी मिळत असे, आणि ती शेताच्या कडेने पाच ओळींत किंवा २० टक्के क्षेत्रावर, यांतील जे जास्त असेल तेवढी लावायची होती.

ती पुडी बहुतेकांनी बांधावर फेकली. याचा सगळा दोष शेतकऱ्याला देणे मला मान्य नाही. पाच एकरांच्या कोरडवाहू माणसाला एक एकर अळीला खाऊ घाला असे सांगितले, पण का घालायचे हे त्याला कोणी शेतावर येऊन समजावले नाही. कित्येक पुड्यांत उगवण नीट नव्हती, किंवा मुख्य पिकाशी न जुळणाऱ्या कालावधीचा वाण होता. मी स्वतः तपासलेल्या एका पुडीत शंभरातून चाळीस बियाही उगवल्या नव्हत्या. मग ती लावून काय साधणार?

याहून खोलातला मुद्दा बियाण्याच्या स्वरूपाचा आहे, आणि तुमच्या निबंधात तो आला तर बरे होईल, कारण तो फार थोडे जण मांडतात. अमेरिका, ऑस्ट्रेलिया या देशांत बीटी जनुक सरळ वाणात असते, म्हणजे झाडाच्या दोन्ही प्रती बीटीच्या आणि बोंडातील प्रत्येक सरकीही बीटीची. आपल्याकडे ते संकरित वाणात आले. जनुक एकाच पालकाकडून आले असेल तर झाडाची पाने, पात्या आणि बोंडाची साल बीटीची असते, पण बोंडातील सरकी ही पुढची पिढी असल्यामुळे तेथे मेंडेलचा नियम लागतो. दोन्ही जनुके एकाच पालकाकडून आणि वेगवेगळ्या गुणसूत्रांवर आहेत असे धरा आणि एका बोंडात ३२ सरकी घ्या. सरासरीने १८ सरकींत दोन्ही प्रथिने असतील, सहांत फक्त पहिले, सहांत फक्त दुसरे आणि दोनांत एकही नसेल. शेंदरी बोंडअळी नेमकी सरकीच खाते. ती कधी निर्विष, कधी अर्धवट विषारी दाण्यावर पोसते, आणि वरच्या हिशेबातील ज्या दोन हजार अळ्या मरायला हव्या होत्या त्यांतील काही जगतात. योजनेचा पायाच त्यामुळे ढिला होतो. तरीही हे एकच कारण मानू नका. चीनमध्ये यांग्त्से खोऱ्यात शेतकऱ्यांनी दुसऱ्या पिढीचे संकरित बियाणे लावले, त्यातून सुमारे पाव झाडे नॉन-बीटीची उगवली, आणि ती आश्रयासारखी काम करून अळीचा प्रतिकार उलट कमी झाला. अळीसमोर काय येते ते शेताच्या संपूर्ण रचनेवर ठरते.

विदर्भात या रचनेत आणखी एक गोष्ट मिसळली. क्राय-१ एसीचे प्रमाण पीक साधारण ११० दिवसांचे झाल्यावर घटू लागते, आणि शेंदरी बोंडअळीचा मुक्काम नेमका त्यानंतरच्या बोंडांत असतो. आपले संकरित वाण पाच-सहा महिने उभे राहतात, आणि ओलिताची सोय असलेला माणूस फरदड घेऊन पीक फेब्रुवारी-मार्चपर्यंत नेतो. त्यामुळे अळीला उपाशी राहण्याचा काळच उरत नाही. गुजरातमधील अमरेली भागात पहिल्या जनुकाला न जुमानणारी शेंदरी बोंडअळी आढळल्याचे २०१० मध्ये जाहीर झाले, काही वर्षांत दुसऱ्या जनुकाचीही तीच गत झाली, आणि २०१७ च्या हंगामात तिने विदर्भातील कापूस पोखरला. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने सुमारे वीस शेतकरी-शेतमजूर दगावले. या मृत्यूंना बीटी प्रथिन कारण नव्हते, ते फवारलेल्या कीटकनाशकांचे बळी होते. पण फवारणी कायमची कमी होईल या आश्वासनाचे काय झाले, हा प्रश्न त्या घरांच्या अंगणात उभा राहतो, आणि निबंधात तो टाळू नये. तसेच, शेतकरी आत्महत्यांचे एकमेव कारण बीटी आहे हे विधान पुराव्याला धरून नाही. कर्ज, भाव, पाऊस आणि पिकाचा खर्च यांचा गुंता बीटीच्या आधीपासून होता.

आता दुसरी बाजू पाहा. तीच अळी, तीच जनुके, आणि अमेरिकेत मात्र २०१८ मध्ये कापूस पट्टा शेंदरी बोंडअळीमुक्त जाहीर झाला. तेथे सरळ वाणांतील बीटी होते, सुरुवातीची अनेक वर्षे आश्रयाच्या ओळी पाळल्या गेल्या, नंतर विमानातून वंध्य पतंग सोडले आणि हंगाम संपताच पीक गाडणे सक्तीचे होते. त्यामुळे जनुकच फसवे होते असे म्हणता येत नाही. ते कोणत्या बियाण्यात आणि किती लांबीच्या हंगामात दिले, याची तपासणी आपल्या मंजुरी प्रक्रियेत पुरेशी झाली नाही, असे माझे मत आहे. विषाक्ततेच्या चाचण्या झाल्या, पण कोरडवाहू शेतकऱ्याच्या शेतात दहा वर्षांनी अळी काय करेल, हा प्रश्न जैवसुरक्षेचा न मानता व्यवस्थापनाचा मानला गेला.

वांग्याचे प्रकरण याच्या शेजारी ठेवून पाहा, म्हणजे प्रश्न पिकानुसार कसा बदलतो ते दिसेल. बीटी वांग्यातही क्राय-१ एसीच आहे. केंद्राच्या त्याच जनुकीय अभियांत्रिकी समितीने ऑक्टोबर २००९ मध्ये त्याला अनुकूलता दर्शवली, तेव्हाचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी नागपूरसह सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी स्थगिती दिली. कापूस आपण सरकीच्या तेलातून आणि जनावरांच्या ढेपेतून अप्रत्यक्ष खातो, वांगे थेट ताटात येते. कापसाचा देशी भाऊ गुणसूत्रांमुळे वेगळा राहतो, तर वांग्याची विविधता आणि रानटी नातलग भारतातच आहेत. उलट बाजूने, वांग्याच्या फळपोखर अळीसाठी आज जितक्या फवारण्या होतात त्याही ताटातच येतात, आणि बांगलादेशाने २०१३ मध्ये हेच वांगे मंजूर केले. जनुक एकच असूनही दोन पिकांचे निष्कर्ष वेगळे निघू शकतात.

आपल्या भागातील चोरबीटीचाही एक परिच्छेद लिहा. तणनाशक सहन करणारे हे बियाणे मंजूर नसताना विकले जाते, कारण निंदणीला मजूर मिळत नाहीत आणि मजुरी परवडत नाही. शेतकऱ्याची ही गरज खोटी नाही. २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातील अकोली जहांगीर येथे ते उघडपणे लावून आंदोलन झाले. परंतु विनापावतीच्या पाकिटात नेमकी कोणती घटना आहे, बीटी प्रथिन आहे का, उगवण किती, हे कोणीच सांगू शकत नाही, आणि फसल्यावर दाद मागायला जागा नसते. मंजुरीची वाट बंद ठेवल्याने जनुक थांबले नाही, फक्त तपासणीबाहेर गेले. हे दोन्ही पक्षांना अडचणीचे वास्तव आहे.

निबंधात स्वतःचे निरीक्षण हवे असेल तर ते तुमच्या शेतातच मिळेल. पीक तीन महिन्यांचे झाल्यावर वेगवेगळ्या वीस झाडांवरून प्रत्येकी एक हिरवे, मध्यम आकाराचे बोंड तोडा आणि चाकूने उभे चिरा. सालीच्या आतील बाजूस बारीक गाठ, सरकीत भोक किंवा गुलाबी छटेची अळी दिसली तर ते बोंड बाधित धरा. वीसात दोन म्हणजे दहा टक्के, आणि तेथे उपाय करण्याची पातळी गाठली जाते. मग त्याच झाडाचे कोवळे पान बीटी तपासणीच्या पट्टीने तपासा. पान दिलेल्या द्रावात चुरून पट्टी बुडवली की नियंत्रणाची रेघ उमटते आणि प्रथिन असल्यास त्याचीही रेघ येते. पानात प्रथिन आहे आणि बोंडात जिवंत अळीही आहे, असे एकाच झाडावर दिसले तर तारीख, वाण आणि पेरणीपासूनचे दिवस वहीत टिपून ठेवा, आणि ती नोंद वडिलांना दाखवा.